पावसात कटिंग का कोसळते? उभ्या कापांचे गणित

सावंतवाडी तालुक्यातून कोणत्याही दिशेने निघा, रस्ता थोड्याच वेळात डोंगर कापून पुढे जातो. एका बाजूला आंबोली घाट आहे, दुसऱ्या बाजूला सावंतवाडी रोड आणि मडुरे स्थानकांवरून गोव्याकडे जाणारी कोकण रेल्वे. रूळ किंवा रस्ता समपातळीवर नेण्यासाठी टेकडीत कोरलेल्या या खाचेला सगळे ‘कटिंग’च म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत तिची जांभी भिंत चिऱ्याच्या बांधकामासारखी ताठ उभी असते. आषाढात तीच भिंत रस्त्यावर येते. उताराची उंची, कोन आणि माती तीच असताना मधल्या काळात नेमके काय बदलले, हे मोजण्याची एक जुनी रीत आहे. घसरू पाहणाऱ्या मातीच्या तुकड्याचे कागदावर उभे काप करायचे आणि प्रत्येक कापाला खाली ओढणारे आणि धरून ठेवणारे बळ वेगवेगळे काढायचे.

रेल्वेच्या दरडींतून जन्मलेली रीत

ही रीत स्वीडनमधली आहे. तिथल्या मऊ चिकणमातीत रेल्वेचे भराव वारंवार घसरत होते. म्हणून तिथल्या सरकारी रेल्वेने डिसेंबर १९१३ मध्ये भू-तांत्रिक आयोग नेमला आणि वोल्मार फेलेनियस त्याचे अध्यक्ष झाले. १९१६ मध्ये गोथेनबर्ग बंदरातला स्टिगबर्ग धक्का घसरला. त्याची तपासणी करताना क्नुट पेटरसन आणि स्वेन हुल्टिन या अभियंत्यांना दिसले की माती जवळजवळ वर्तुळाच्या कमानीवरून सरकली होती. त्यांनी त्या कमानीवरच्या मातीचे उभे काप पाडून समतोल तपासला. १ ऑक्टोबर १९१८ रोजी स्वीडनमधल्याच ‘येतो’ या ठिकाणी रेल्वेचा भराव खचला आणि गाडी कोसळून चाळीसहून अधिक माणसे दगावली. आयोगाचा अंतिम अहवाल १९२२ मध्ये आला. फेलेनियस यांनी पुढे ही रीत चिकटपणा आणि घर्षण दोन्ही असलेल्या मातीला लागू होईल अशी मांडली. १९५५ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या ॲलन बिशप यांनी तिच्यातली एक मोठी उणीव दूर केली.

आपल्याकडे या प्रश्नाची किंमत २२ जून २००३ च्या रात्री कळली. सिंधुदुर्गातल्याच वैभववाडीजवळ कटिंगमधून रुळांवर आलेल्या दगडमातीला कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी धडकली. पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर कोकण रेल्वेने अनेक कटिंगचे उतार सौम्य केले, पायऱ्या काढल्या आणि जाळ्या बसवल्या. पावसाळ्यात गाड्या हळू चालवण्याचे वेगळे वेळापत्रकही आहे.

एक कटिंग, पाच काप

आता आकडे घेऊन पाहू. समजा, कटिंग १० मीटर उंच आहे आणि उतार ४५ अंशांचा आहे. माती जांभ्याखालची, पांढुरकी आणि मेणचट आहे. कारवार-मंगळूर किनाऱ्यावर हिला ‘शेडी’ म्हणतात. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशा मातीला शोभणारे आहेत. एका घनमीटर मातीचे वजन १८ किलोन्यूटन, म्हणजे पावणेदोन टनांहून थोडे जास्त. मातीचा चिकटपणा दर चौरस मीटरला १२ किलोन्यूटन आणि घर्षणकोन २८ अंश. सगळा हिशेब कटिंगच्या एक मीटर लांबीचा.

उताराच्या पायथ्यापासून सरळ वर १६ मीटरवर केंद्र धरून १६ मीटर त्रिज्येची कमान काढू. ती पायथ्यातून निघते आणि माथ्याच्या कडेपासून सुमारे ४.८ मीटर मागे जमिनीवर येते. कमानीवरच्या मातीचे साधारण तीन-तीन मीटर रुंदीचे पाच काप करू. खालून वर जाताना त्यांच्या तळाचा कल ५, १६, २८, ४१ आणि ५७ अंश होतो.

चौथा काप बघा. त्याचे वजन ३१९ किलोन्यूटन आहे आणि तळ ४१ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे २०९ किलोन्यूटन बळ त्याला खाली ओढते आणि २४१ त्याला तळावर दाबून धरते. या दाबामुळे मिळणारे घर्षण १२८ आणि तळाच्या लांबीवरचा चिकटपणा ४८, म्हणजे धरणारे बळ १७६. हा काप एकटा असता, तर उन्हाळ्यातही घसरला असता.

त्याला सावरतो तो पायथ्याचा पहिला काप. त्याचा तळ जवळजवळ आडवा असल्याने खाली ओढणारे बळ फक्त ७ आणि धरणारे ७७. वरचे काप आपला भार खालच्यांवर टाकतात आणि पायथा तो पेलतो. रस्ता रुंद करायला किंवा घरासाठी जागा काढायला पायथा आणखी आत कापणे म्हणूनच सर्वांत घातक आहे. त्यात माती थोडीच जाते, पण उताराचा भार पेलणाराच काप जातो.

पाचही कापांची बेरीज केली की सुरक्षा गुणांक मिळतो. फेलेनियस यांची मांडणी अशी:

F = Σ[c′l + (W cosα − ul) tanφ′] / ΣW sinα

इथे W हे कापाचे वजन, α तळाचा कल, l तळाची लांबी, c′ चिकटपणा, φ′ घर्षणकोन आणि u तळाशी असलेला पाण्याचा दाब. F एकपेक्षा जास्त असेल तर उतार टिकतो, एकाखाली गेला तर घसरतो. कोरड्या दिवसात u शून्य धरला, तर वरची बेरीज ६८६ आणि खालची ५३४ येते. गुणांक सुमारे १.२८.

या सूत्रात शेजारच्या कापांमधला धक्का सोडून दिलेला आहे. बिशप यांनी तो आडव्या दिशेने हिशेबात घेतला. त्यामुळे F समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतो. आधी अंदाज धरायचा, उत्तर काढायचे, ते पुन्हा अंदाज म्हणून घालायचे आणि दोन्ही जुळेपर्यंत चालू ठेवायचे. तीन-चार फेऱ्यांत ते जुळते. आपल्या उताराला बिशपच्या रीतीने १.३६ मिळतो. कायमच्या उतारासाठी अभियंते बहुधा १.३ ते १.५ मागतात, म्हणजे कागदावर हे कटिंग काठावर पास आहे.

पाऊस सूत्रात कुठून शिरतो?

आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सावंतवाडीतही तीन हजारांच्या वर. त्यातले बरेच पाणी वरच्या सच्छिद्र जांभ्यातून झपाट्याने खाली उतरते. खालची मेणचट माती त्याला सहज वाट देत नाही, म्हणून ते तिथे साचते आणि उताराच्या आतली पाण्याची पातळी चढते.

माती भिजून जड झाली आणि कोसळली, असे आपण म्हणतो. वजन वाढते हे खरे, पण वजन वाढले की तळावरचा दाबही वाढतो आणि काही घर्षण परत मिळते. खरे नुकसान u करतो. कणांच्या मधले पाणी मातीला तळावरून उचलू पाहते, त्यामुळे घर्षणाला लागणारा दाब घटतो.

आपल्या उतारात पाणी दुसऱ्या कापात तळापासून अडीच मीटर, तिसऱ्यात साडेतीन, चौथ्यात तीन आणि पहिल्यात एक मीटर चढले असे धरू. पाचवा काप पाण्याच्या वरच राहतो. वजनातली वाढ सोपेपणासाठी सोडून देऊ. चौथ्या कापाच्या तळावर आता दर चौरस मीटरला ३० किलोन्यूटन पाण्याचा दाब आहे. तळ जवळजवळ चार मीटर लांब असल्याने पाणी त्याला ११९ किलोन्यूटनने वर ढकलते. २४१ मधून तेवढे वजा होऊन १२२ उरतात, म्हणजे घर्षण निम्मे झाले. खाली ओढणारे २०९ मात्र तसेच आहेत.

सगळ्या कापांची बेरीज पुन्हा केली, तर फेलेनियसच्या रीतीने ०.९४ आणि बिशपच्या रीतीने १.०० येतो. भिंत जागची हललेली नाही, कोणी ती कापली नाही, तरी १.३६ चा गुणांक एकावर आला. ज्या वर्षी पाऊस आणखी दोन दिवस थांबत नाही, त्या वर्षी ती येते.

उन्हाळ्यात भिंत इतकी पक्की वाटण्याला आणखी एक कारण आहे. अर्धवट ओल्या मातीत कणांमधले पाणी कणांना एकमेकांकडे खेचून धरते. ही ओढ आपण १.३६ मध्ये मोजलेलीच नाही, म्हणजे मे महिन्यातला खरा गुणांक त्याहून वरचा असतो. पहिल्या मोठ्या पावसात ती ओढ नाहीशी होते. उन्हाळ्यात टिकले म्हणून पावसातही टिकेल, या अनुभवावर विसंबता येत नाही.

ही रीत कुठे फसते?

आपण एकच कमान तपासली. खऱ्या कामात केंद्र आणि त्रिज्या बदलून शेकडो कमानी तपासतात आणि सर्वांत कमी गुणांक ग्राह्य धरतात. आजचे संगणक हे क्षणात करतात. पण कमान वर्तुळाचीच असेल असे मात्र नाही. जांभा आणि मेणचट माती यांची सीमा आडवी असेल, तर घसर त्या थरावरून सपाट सरकते. तेव्हा स्पेन्सर (१९६७) किंवा मॉर्गनस्टर्न-प्राइस (१९६५) यांच्या रीती वापराव्या लागतात. मातीतून सुटून गडगडत येणाऱ्या धोंड्यांना तर कापांचे गणित लागूच पडत नाही. तिथे जाळी आणि धोंडे अडवणारी भिंत हवी.

सर्वांत मोठी चूक मात्र u च्या अंदाजात होते. मातीचा नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो, पण ऐन आषाढात पाणी आत कुठवर चढते हे उतारात बसवलेल्या पाणीपातळीच्या नळ्याच सांगतात. मे महिन्यात बोअर घेऊन ‘पाणी लागले नाही’ असा अहवाल दिला, तर त्यावरचे सगळे गणित मे महिन्यापुरतेच खरे असते.

गणित न करताही उतार काही खुणा देतो. आपली कमान माथ्यामागे ४.८ मीटरवर जमिनीवर येत होती. रस्त्याला समांतर भेग पडली, तर ती साधारण अशाच ठिकाणी दिसते. ती बुजवायला हवी, कारण तिच्यात साठलेले पाणी आडवा धक्का देते. भेग दोन मीटर भरली तर सुमारे २० किलोन्यूटन आणि चार मीटर भरली तर ८०, म्हणजे खोली दुप्पट झाली की धक्का चौपट. पायथ्याची माती फुगणे, गटाराची भिंत आत झुकणे, झाडे किंवा खांब कलणे आणि स्वच्छ झरा अचानक गढूळ होणे, या खुणाही त्याच हालचालीच्या आहेत.

उपायही सूत्रातूनच निघतो. उतारात वरच्या दिशेला किंचित चढती आडवी छिद्रे पाडून सच्छिद्र नळ्या घातल्या आणि पाण्याचा दाब निम्मा केला, तर आपल्या कटिंगचा गुणांक १.०० वरून १.१८ वर येतो. १.३ गाठायला त्याच्या जोडीला उतारही थोडा सौम्य करावा लागेल. माथ्यामागचे पाणी वळवणारे गटार मृगापूर्वी साफ केले, तर पाणी आत शिरतेच कमी. मात्र त्याच गटाराला तडा गेला, तर सगळा ओघ नेमका माथ्यावरून उतारात उतरतो. म्हणून या कामांची पाहणी दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यातही करावी लागते, कारण नळी गाळाने तुंबली की गुणांक पुन्हा १.०० कडे सरकू लागतो.