दुखणं एक, गोळ्या तीन

साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे गेली काही वर्षं येतात. वय ६२. रोज पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ चढायचा त्यांचा नेम. एका हिवाळ्यात ठरावीक वळणावर छाती भरून यायला लागली. कुणीतरी आतून मूठ आवळावी तसं व्हायचं आणि पाच मिनिटं कठड्यावर बसलं की ओसरायचं. तपासणीत हृदयाच्या एका धमनीत अडथळा निघाला. घाईनं स्टेंट घालण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून औषधांवर भर द्यायचं ठरलं. काही महिन्यांनी गुरुजी तीन स्ट्रिप टेबलावर ओळीनं मांडून म्हणाले, “डॉक्टर, दुखणं एकच आहे ना? मग गोळ्या तीन कशाला? एकच काय ती जोरदार द्या.”

प्रश्न अगदी रास्त होता. त्यांचं बालपण शेतात गेलेलं, म्हणून मी त्यांना विहिरीवरच्या मोटेची आठवण करून दिली.

हृदय म्हणजे अखंड चालणारी मोट. बैलांचे कष्ट तीन गोष्टींवर ठरतात. मिनिटाला किती खेपा होतात आणि बैल किती जोरानं ओढतात, ही एक. दर खेपेला मोट किती भरते, ही दुसरी. पाणी किती उंच चढवायचं आहे, ही तिसरी. हृदयाच्या भाषेत पहिली म्हणजे ठोक्यांची गती आणि जोर, दुसरी म्हणजे निलांमधून परत येणारं रक्त आणि तिसरी म्हणजे धमन्यांमधला दाब. बैलांना चारा लागतो तसा हृदयाच्या स्नायूला प्राणवायू लागतो. चारा आणणारी वाट अरुंद झाली आणि कष्ट वाढले की स्नायू उपाशी पडतो. तीच ती छातीतली मूठ, म्हणजे अंजायना.

यात हृदयाची एक खास अडचण आहे. शरीराचे इतर अवयव रक्तातला साधारण पाव हिस्सा प्राणवायू घेतात, त्यामुळे गरज वाढली तर त्याच रक्तातून जास्त काढून घेण्याची सोय असते. हृदय मात्र स्वस्थ बसलेलं असतानाच सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. हाताशी शिल्लक जवळपास नाहीच. गरज वाढली की जास्त रक्त यायला हवं आणि नेमका तिथेच अडथळा. म्हणून अंजायनाच्या औषधांचा मोठा भाग चारा वाढवण्यापेक्षा कष्ट कमी करण्यावर खर्च होतो.

गुरुजींची पहिली गोळी होती मेटोप्रोलॉल, बीटा ब्लॉकर गटातली. चढ लागला, राग आला किंवा भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन आणि त्याचं भावंड हृदयावर आसूड ओढतात. बीटा ब्लॉकर तो आसूड धरून ठेवतो. सर जेम्स ब्लॅक यांनी नेमका हाच विचार करून प्रोप्रॅनोलॉल शोधलं आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. रक्तपुरवठा वाढवण्याच्या मागे न लागता मागणी कमी करायची, ही त्यांची कल्पना.

या गोळीचा आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही. डाव्या कप्प्याचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा स्वतःच्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबून टाकतो. त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. बैलांनी दोन खेपांच्या मध्येच चारा खावा, तसं. मिनिटाला ६० ठोके असले तर हा विसावा एकूण चाळीस सेकंदांच्या आसपास भरतो. ठोके १२० झाले की तो तीस सेकंदांच्या आत येतो, आणि तोही नेमका कष्ट वाढलेले असताना. नाडी संथ केली की कष्ट कमी होतात आणि खायला वेळही मिळतो. म्हणून अंजायनाच्या रुग्णाची बसल्या जागची नाडी ५५ ते ६० च्या घरात आणायचा आम्ही प्रयत्न करतो.

गुरुजींचे स्ट्रेस टेस्टचे दोन कागद शेजारी ठेवले की हे स्पष्ट दिसतं. गोळीआधी पट्ट्यावर चौथ्या मिनिटाला छाती भरली, तेव्हा नाडी १२४ आणि वरचा रक्तदाब १६८ होता. या दोन आकड्यांचा गुणाकार होतो सुमारे २०,८००. हृदयाच्या कष्टांचं हे ढोबळ माप. गोळी सुरू झाल्यावर चौथ्या मिनिटाला नाडी १०० आणि दाब १५६, म्हणजे गुणाकार १५,६०० आणि दुखण्याचा पत्ता नाही. दुखलं ते साडेसातव्या मिनिटाला, नाडी ११८ आणि दाब १७६ असताना. गुणाकार पुन्हा सुमारे २०,८००. अडथळा होता तिथेच होता आणि दुखण्याची हद्दही होती तिथेच होती. बदललं एवढंच, की त्या हद्दीपर्यंत पोचायला गुरुजींना साडेतीन मिनिटं जास्त लागली. अजिंक्यताऱ्यावर याचा अर्थ दोन वळणं पुढे.

मात्र वरच्या चढावर दुखणं राहिलंच, म्हणून अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम जोडलं. हे हृदयाच्या गतीला हात लावत नाही. धमन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. ते आत शिरण्याची दारं हे औषध अर्धवट लोटून ठेवतं. बारीक धमन्या सैलावतात, दाब उतरतो, पाणी कमी उंचीवर चढवायचं राहतं. हृदयाच्या स्वतःच्या धमन्याही सैलावतात. काहींना कष्टाविना, पहाटे झोपेतच, धमनी आचके देऊन आवळल्यामुळे दुखतं. त्यांच्यासाठी हाच गुण मोलाचा ठरतो. तिथे एकटा बीटा ब्लॉकर दुखणं वाढवूही शकतो.

अ‍ॅम्लोडिपिन संथ औषध आहे. अर्धं शरीराबाहेर जायला ३० ते ५० तास लागतात, म्हणून दिवसातून एक गोळी पुरते आणि पूर्ण परिणाम दिसायला आठवडा जातो. गुरुजींच्या घोट्यांवर सूज आली तेव्हा ते घाबरले, मूत्रपिंड बिघडलं असं त्यांना वाटलं. तसं नव्हतं. धमन्या उघडल्या पण पुढच्या निला तेवढ्या उघडल्या नाहीत, म्हणून केशवाहिन्यांतून पाणी झिरपलं. लघवीच्या गोळीनं ही सूज फारशी उतरत नाही. गैरसोय फार झाली तर डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हाच मार्ग.

तिसरी गोळी नायट्रेटची. ही तिघांत सर्वांत जुनी. लॉडर ब्रंटन यांनी १८६७ मध्ये अमाइल नायट्राइट हुंगवून अंजायना शमवल्याचं लिहिलं आणि १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीनची ओळख करून दिली. नायट्रेटमधून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि ते प्रामुख्यानं निला सैल करतं. रक्त पायांत आणि पोटात थोडं रेंगाळतं, हृदयाकडे कमी परततं, मोट कमी भरते. कमी ताणलेल्या कप्प्याला कमी कष्ट पडतात. शिवाय हृदयाच्या मोठ्या धमन्याही थोड्या रुंदावतात. जिभेखालची सॉर्बिट्रेट मिनिटांत काम करते. ती घ्यायची बसून, कारण उभ्यानं घेतली तर दाब उतरून भोवळ येते.

नायट्रेटचा मोठा दोष म्हणजे शरीर त्याला सरावतं. डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं, मंगळवार-बुधवारपर्यंत थांबायचं आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी पुन्हा ठणकायचं. नायट्रोग्लिसरीन अंगात सतत गेलं की त्याचा असर जायचा आणि सुट्टीत तो परत यायचा. गुरुजींच्या बाबतीत हेच घडलं. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सांगितली होती. शिस्तीच्या माणसानं सकाळी आठ आणि रात्री आठ अशी वेळ पाळली. पहिले काही दिवस छान गेले, मग वळणावर मूठ पुन्हा आवळायला लागली. डोस वाढवणं चुकीचं ठरलं असतं. आम्ही दुसरी गोळी दुपारी तीनला आणली, म्हणजे रात्रभर शरीराला सुट्टी मिळाली. आठवड्याभरात चढ पुन्हा मोकळा झाला. या रिकाम्या तासांत हृदय उघडं पडत नाही, कारण तिथे मेटोप्रोलॉल आणि अ‍ॅम्लोडिपिन पहाऱ्यावर असतात.

तिघांना एकत्र आणण्याचं खरं कारण इथे दिसतं. नायट्रेटनं दाब उतरला की शरीर घाबरून हृदयावर आसूड ओढतं आणि नाडी वाढून कमावलेलं निसटतं. झटकन दाब उतरवणाऱ्या इतर औषधांचंही तेच. बीटा ब्लॉकर तो आसूड धरतो. उलट बीटा ब्लॉकरनं नाडी संथ झाली की दोन ठोक्यांत मोट जास्त भरते, कप्पा ताणला जातो. नायट्रेट ती भर कमी करतं. प्रत्येकाचा दोष दुसरा झाकतो. गुरुजी म्हणत होते तशी एकच गोळी दुप्पट केली असती, तर तिचा दोषही दुप्पट झाला असता.

तरी तिन्ही गोळ्या एकदम सुरू करायच्या नसतात. तिघीही दाब उतरवतात. एक पक्की बसली, नाडी आणि दाब पाहिला, मगच दुसरी. आणि नावांच्या साधर्म्यानं फसू नये. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हीही कॅल्शियम रोखणारीच औषधं, पण ती हृदयाची गती थेट मंदावतात. बीटा ब्लॉकरसोबत ती पडली तर नाडी धोकादायकरीत्या मंद होऊ शकते, हृदयातली विद्युत वाट अडू शकते. दम्याच्या रुग्णाला बीटा ब्लॉकर देताना दहादा विचार करावा लागतो. नायट्रेट घेणाऱ्यानं सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली तर दाब कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. संकोचापायी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.

सगळ्यांत जास्त काळजी मला वाटते ती अचानक बंद केलेल्या बीटा ब्लॉकरची. एकदा लग्नाच्या गडबडीत गुरुजींची मेटोप्रोलॉल संपली आणि चार दिवस राहून गेली. पाचव्या दिवशी घरातला एक जिना चढताना छाती भरली. नाडी ११० होती. आसूड धरलेला असतो त्या काळात हृदय त्या आसुडाला जास्त हळवं होत जातं आणि हात सुटला की फटका दुप्पट बसतो. बंद करायचीच असेल तर ती एक-दोन आठवड्यांत उतरत्या डोसानं करतात.

या तीन गोळ्या दुखणं आवरतात, अडथळा विरघळवत नाहीत. हार्ट अटॅक टाळण्यासाठी दिलेल्या अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन या गोळ्या वेगळ्या आहेत. छाती दुखत नाही म्हणून त्या सोडू नका. आणि दुखणं बसल्या जागी आलं, रोजच्यापेक्षा कमी कष्टात येऊ लागलं, किंवा जिभेखालची गोळी ठेवून पाच मिनिटांत उतरलं नाही, तर दुसऱ्या गोळीची वाट पाहत बसू नका. १०८ ला फोन करा.