क्लाइस्टची आडवी रेघ

जर्मन लेखक हाइनरिश फॉन क्लाइस्टची ‘द मार्किझ ऑफ ओ’ ही कथा 1808 साली छापली गेली. तिची सुरुवातच एका जाहिरातीने होते. इटलीतली एक अब्रूदार विधवा वर्तमानपत्रातून कळवते, की आपल्याला नकळत दिवस गेले आहेत. मुलाच्या बापाने समोर यावं, आपण त्याच्याशी लग्न करू.

मग कथा मागे जाते. तिचे वडील किल्लेदार. रशियन फौज किल्ल्यात घुसते, काही शिपाई तिला ओढून नेऊ लागतात. एवढ्यात एक रशियन अधिकारी, काउंट एफ, त्यांना हुसकावून तिला वाड्याच्या सुरक्षित भागात नेतो. तिथे ती बेशुद्ध पडते. पुढच्या वाक्यात ‘इथे’ या शब्दानंतर एक आडवी रेघ आहे. रेघेपलीकडे दासी आलेल्या असतात. काउंट डॉक्टरला बोलवायला सांगतो, टोपी घालतो आणि लढाईवर परत जातो.

त्या रेघेत बलात्कार झालेला आहे.

जाहिरात वाचलेली असूनही पहिल्या वाचनात ही रेघ सहज निसटते, कारण वाक्य न अडखळता पुढे जातं. क्लाइस्टने तो प्रसंग लिहिला असता, तर आपल्याला तिच्यापेक्षा जास्त माहिती झाली असती. घरचे तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, वडील तिला घराबाहेर काढतात, ते सगळं आपण लांबून, जाणत्याच्या जागेवरून पाहिलं असतं. आता मात्र तिच्या आठवणीत जिथे पोकळी आहे, तिथेच आपल्या वाचनातही आहे. तिच्या बाजूने साक्ष द्यायला आपल्याकडेही काही नाही, आणि तिच्यासारखाच आपणही काउंटला देवदूत मानलेला असतो.

पण नुसतं लपवलं म्हणजे अध्याहार साधत नाही. आजूबाजूला खुणा हव्यात. रशियन सेनापती काउंटची पाठ थोपटतो आणि त्या शिपायांची नावं विचारतो, तेव्हा काउंट लालबुंद होतो. अंधुक उजेडात चेहरे ओळखता आले नाहीत, असं काहीतरी गोंधळून बोलतो. पहिल्यांदा वाचताना हा विनय वाटतो. शिपाई शोधले जातात आणि त्यांना गोळ्या घातल्या जातात. दुसऱ्यांदा वाचताना कळतं, की ज्या गुन्ह्याच्या प्रयत्नासाठी ते मेले, तो पुरा करणारा तिथेच उभा होता. हा हिशेब लेखक कुठेच मांडत नाही, तो वाचकाला स्वतः करावा लागतो. म्हणून काउंटवर टाकलेल्या विश्वासाची टोचणीही वाचकालाच लागते.

एरिक रोमेरने 1976 साली या कथेवर चित्रपट केला. तिथे मार्किझला झोपेचं औषध दिलं जातं, झोपलेल्या तिच्याकडे पाहणारा काउंट आपल्याला दिसतो आणि दृश्य तुटतं. कृत्य तिथेही दाखवलेलं नाही. पण ती नजर पाहिल्यावर संशय प्रेक्षकाच्या मनात लगेच शिरतो आणि मार्किझ एकटी पडते. चित्रपट उत्तम आहे. तरी या एका जागी क्लाइस्टची रेघच सरस ठरते.