उत्तरतालिकेची तपासणी

उत्तरतालिका म्हणजे प्रश्न काढणाऱ्याने स्वतः सोडवलेला पेपर. त्यात घाई असू शकते, न सांगितलेली गृहीतके असू शकतात, लिहिताना झालेली चूकही असू शकते. विद्यार्थ्याच्या चुका शिक्षक शोधतो. उत्तरतालिका मात्र ज्या हाताने तयार केली, त्याच हाताने वापरली जाते आणि तिच्यातली चूक प्रत्येक उत्तरपत्रिकेत उतरते. ही चूक केवळ निष्काळजीपणाने होते असे नाही. अनेक तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेली उत्तरतालिकाही चुकल्याची उदाहरणे आहेत.

ऑक्टोबर १९८० मध्ये अमेरिकेत पीएसएटी ही शालेय परीक्षा झाली. त्यातला एक प्रश्न दोन घनाकृतींचा होता. एक पिरॅमिड चौरस तळाचा, त्याच्या चारही बाजू समभुज त्रिकोणांच्या. दुसरा चार समभुज त्रिकोणांचा, म्हणजे चतुष्फलक. सगळे त्रिकोण एकाच मापाचे. या दोन आकृती एकेका त्रिकोणी पृष्ठावर तंतोतंत जोडल्या, तर तयार होणाऱ्या घनाकृतीला बाहेरून किती पृष्ठे दिसतील, असे विचारले होते. पर्याय ५ ते ९ होते.

उत्तरतालिकेत ७ हे उत्तर होते. त्यामागचा विचार सरळ दिसतो. पहिल्या आकृतीची ५ पृष्ठे, दुसरीची ४, मिळून ९. जोडताना प्रत्येकीचे एक पृष्ठ आत जाते, म्हणून २ वजा. फ्लोरिडातल्या एका विद्यार्थ्याने ५ हे उत्तर निवडले आणि ते चूक धरल्यावर हरकत घेतली. त्याचेच उत्तर बरोबर निघाले. मार्च १९८१ मध्ये परीक्षा घेणाऱ्या संस्थेने चूक मान्य केली आणि सुमारे २,४०,००० विद्यार्थ्यांचे गुण वाढवले.

उत्तर ५ का, हे त्रिकोणमितीशिवायही पटते. दोन सारखे चौरस पिरॅमिड टेबलावर एका रांगेत असे ठेवावेत की त्यांच्या तळांची एक कड सामाईक होईल. दोन्ही शिखरांमधले अंतर चौरसाच्या बाजूइतकेच भरते. आता त्या दोघांच्या मधल्या खाचेकडे पाहावे. तिच्या सहाही कडा सारख्या लांबीच्या आहेत, म्हणजे त्या खाचेत प्रश्नातला चतुष्फलक नेमका बसतो. दोन्ही पिरॅमिडांचे समोरचे त्रिकोण एकाच तिरक्या पातळीत आहेत आणि मधल्या चतुष्फलकाचा समोरचा त्रिकोणही त्याच पातळीत येतो. मागच्या बाजूलाही तेच घडते. म्हणून एका पिरॅमिडाला चतुष्फलक जोडला की समोर दोन त्रिकोण मिळून एकच सपाट पृष्ठ होते, मागेही एक होते. आत गेलेली २ पृष्ठे सोडून राहिलेली ७ अशा रीतीने ५ होतात.

प्रश्न काढणाऱ्यांनी वजाबाकी बरोबर केली होती. जोडलेल्या पृष्ठांशेजारची पृष्ठे वेगळीच राहतील, हे मात्र त्यांनी न तपासता धरून चालले. अशी चूक दुसऱ्या तपासनिसालाही सापडत नाही, कारण तोही बहुधा त्याच वाटेने जातो आणि त्याच उत्तरावर पोहोचतो. दोघांचे उत्तर जुळले म्हणजे ते पडताळले गेले, असे होत नाही. पडताळणीसाठी वाट वेगळी हवी. वर तळमजल्यापासून मांडणी केली तशी, किंवा कागदाचे दोन नमुने करून चिकटवले तर चूक लगेच दिसते.

वर्गातल्या उत्तरतालिकेत चुका याहून साध्या असतात. √(x + 6) = x हे समीकरण घ्यावे. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की x² − x − 6 = 0 मिळते आणि त्याची मुळे ३ व −२ येतात. उत्तरतालिकेत दोन्ही लिहिली जातात. पण −२ मूळ समीकरणात घातले तर डावीकडे √4 म्हणजे २ येतात आणि उजवीकडे −२ असतात. म्हणजे हे मूळ वर्ग करताना आत शिरले. फक्त ३ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्धा गुण कापला जातो, खरे तर पूर्ण गुण त्यालाच मिळायला हवेत.

दुसरी चूक प्रश्नातच असते. त्रिज्या ७ सेंमी असलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ विचारले आणि π ची किंमत दिली नाही, तर २२/७ घेणाऱ्याचे उत्तर १५४ चौसेंमी येते, ३.१४ घेणाऱ्याचे १५३.८६. उत्तरतालिकेत एकच आकडा असला तरी दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत.

म्हणून पहिली पडताळणी गठ्ठा उघडण्याआधी व्हावी. उत्तरतालिका बाजूला ठेवून, विद्यार्थ्यांच्या हाती पडलेली छापील प्रश्नपत्रिकाच घेऊन पेपर पुन्हा सोडवावा. मूळ हस्तलिखितातला ६ छापताना ९ झाला असेल तर तो इथेच सापडतो. जिथे शक्य आहे तिथे आलेले उत्तर प्रश्नात घालून पाहावे. सहकाऱ्याला पेपर दाखवायचा तर उत्तरांशिवाय द्यावा. उत्तर समोर असले की डोळा त्याच्याशी जुळणाऱ्या पायऱ्याच शोधतो.

दुसरी पडताळणी तपासताना होते. पहिल्या काही उत्तरपत्रिकांवर पेन्सिलीने गुण द्यावेत. एरवी पेपर उत्तम सोडवणाऱ्या तीन-चार मुलांचे एकाच प्रश्नाचे उत्तर उत्तरतालिकेपेक्षा वेगळे, पण आपसांत सारखे आले, तर तिथे थांबावे. अर्थात हा पुरावा नाही. सगळ्यांनी एकाच शिकवणीत एकच चुकीची रीत घेतली असेल, हेही शक्य आहे. उलट, पीएसएटीसारख्या प्रसंगी हुशार मुलेही उत्तरतालिकेसारखीच चुकतात, तेव्हा बरोबर उत्तर एकाच उत्तरपत्रिकेत असते. म्हणून वेगळ्या उत्तराची मांडणी ओळीने वाचावी आणि नेमकी कोणती ओळ चुकली ते बोट ठेवून दाखवता येते का, ते पाहावे. चुकीची ओळ सापडली तर गुण कापावेत. ती सापडत नसेल, तर आधी उत्तरतालिकाच पुन्हा सोडवून पाहावी.

मात्र नुसत्या शंकेवर उत्तरतालिका बदलू नये. कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हाच निकष घातला. उत्तरतालिका चूक असल्याचे स्पष्टपणे सिद्ध होईपर्यंत ती बरोबर मानावी, पण मान्य पाठ्यपुस्तकांवरून ती निःसंशय चुकीची ठरत असेल, तर पुस्तकाप्रमाणे उत्तर देणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. शाळेतही हा निकष वापरता येतो. पडताळून पाहता येईल अशी मांडणी, नेमलेल्या पुस्तकातले पान किंवा प्रत्यक्ष नमुना, यांपैकी काहीतरी हाती असावे.

चूक ठरल्यावर निर्णय तीन प्रकारचा असतो. एकच बरोबर उत्तर निघाले तर उत्तरतालिका दुरुस्त करावी. प्रश्नाचे दोन अर्थ खरोखर निघत असतील तर दोन्ही उत्तरे स्वीकारावीत. कोणतेच उत्तर निघत नसेल तर प्रश्न गुणांतून वगळावा. यानंतर तपासून झालेल्या सगळ्या उत्तरपत्रिकांतला तो प्रश्न पुन्हा पाहावा लागतो. केवळ हरकत घेणाऱ्याचे गुण वाढवले, तर तेच उत्तर लिहून गप्प बसलेल्या मुलांवर अन्याय तसाच राहतो.