मनातील शब्दकोश आणि दोन भाषा

दोन भाषा येणाऱ्या माणसाला एकाच वस्तूसाठी दोन शब्द ठाऊक असतात. मराठी आणि इंग्रजी जाणणाऱ्याच्या मनात ‘पुस्तक’ही असते आणि ‘बुक’ही. हे दोन शब्द एकमेकांना कशाने जोडलेले असतात, याची तीन शक्य उत्तरे उरिएल वाइनराइख या भाषाशास्त्रज्ञाने १९५३ साली मांडली. एक, प्रत्येक शब्दाचा अर्थही वेगळा साठवलेला असतो. दोन, अर्थ एकच असून दोन्ही शब्द त्याला थेट जोडलेले असतात. तीन, नव्याने शिकलेला शब्द आधी मातृभाषेतल्या शब्दाला जोडलेला असतो आणि त्याच्यामार्फत अर्थापर्यंत पोहोचतो.

यातले काय खरे, हे तपासण्याचा एक मार्ग म्हणजे भाषांतर करायला लावून वेळ मोजणे. ज्यूडिथ क्रोल आणि एरिका स्ट्यूअर्ट यांनी १९९४ मध्ये डच मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी उत्तम येणाऱ्या लोकांवर असा प्रयोग केला. त्यांना कधी एकाच गटातले शब्द सलग दिले, म्हणजे फळांची नावे एका मागोमाग एक, तर कधी सरमिसळ यादी दिली. एकाच गटातली नावे ओळीने आली की मनात सारख्या अर्थांची गर्दी होते आणि नेमका शब्द निवडायला उशीर लागतो. असा उशीर मातृभाषेतून इंग्रजीत जाताना दिसला, इंग्रजीतून मातृभाषेत येताना दिसला नाही. यावरून क्रोल आणि स्ट्यूअर्ट यांनी असा निष्कर्ष काढला की, मातृभाषेतून बाहेर जाण्याची वाट अर्थावरून जाते, तर परतीची वाट बरीचशी शब्दाकडून थेट शब्दाकडे येते. पुढच्या संशोधकांनी याला हरकत घेतली. शिकणाऱ्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातही नवा शब्द अर्थाला थेट जोडला जात असल्याचे पुरावे त्यांनी दाखवले. मात्र अर्थाचा साठा बऱ्याच अंशी सामाईक असतो, हे आज बहुतेकांना मान्य आहे.

दुवे असणे वेगळे आणि ते प्रत्येक वेळी जागे होणे वेगळे. इंग्रजी वाचताना मनातली मराठी बाजूला पडते, की तीही कामाला लागते? सरळ विचारून याचे उत्तर मिळत नाही, कारण हे सगळे सेकंदाच्या काही अंशांत, नकळत घडते. म्हणून प्रयोग असा रचावा लागतो की, दुसरी भाषा जागी झाली तरच एखादा परिणाम दिसावा, आणि ती भाषा न येणाऱ्यांत तो दिसू नये.

मायकेल स्पिव्ही आणि व्हायोरिका मारियन यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९९ मध्ये केलेला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. रशियन मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजीही जाणणाऱ्या लोकांसमोर काही वस्तू मांडल्या होत्या. त्यांत टपालाचे तिकीट होते आणि मार्कर पेनही. डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र त्यांच्या डोक्याला बसवले होते. रशियन भाषेत सूचना मिळाली : तिकीट फुलीच्या खाली ठेवा. तिकिटाला रशियनमध्ये ‘मार्का’ म्हणतात. मार्करला रशियनमध्ये अगदी वेगळे नाव आहे, ‘फ्लोमास्तर’. तरीही ‘मार्क-’ कानावर पडताच लोकांची नजर क्षणभर मार्करकडे वळत होती, आणि नावात काहीच साम्य नसलेल्या वस्तूंपेक्षा जास्त वेळा वळत होती. इंग्रजीचा एकही शब्द कोणी उच्चारला नव्हता, तरी इंग्रजी नाव मनात जागे झाले होते.

या प्रयोगावर एक शंका राहते. तिथे मार्कर डोळ्यांसमोर होता आणि त्या वस्तूनेच इंग्रजी नावाची आठवण करून दिली असेल. गियोम थिएरी आणि यान जिंग वू यांच्या २००७ मधील प्रयोगात ही पळवाट उरली नाही. ब्रिटनमधल्या चिनी-इंग्रजी द्वैभाषिकांना फक्त इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवल्या किंवा ऐकवल्या आणि जोडीतल्या शब्दांच्या अर्थांत संबंध आहे का, एवढेच विचारले. ‘ट्रेन’ आणि ‘हॅम’ ही अशीच एक जोडी. आगगाडीचा आणि डुकराच्या खारवलेल्या मांडीचा काही संबंध नाही. पण चिनी भाषेत आगगाडी म्हणजे ‘हुओछ’ आणि हॅम म्हणजे ‘हुओथुई’. दोन्हींचे पहिले अक्षर एकच, ‘आग’ या अर्थाचे. काही जोड्यांत असे छुपे साम्य होते, काहींत नव्हते, आणि लोकांना याची कल्पना नव्हती.

त्यांच्या उत्तरांत किंवा उत्तराला लागलेल्या वेळात या साम्याचा मागमूस नव्हता. मेंदूतील विद्युत लहरींत मात्र तो सापडला. शब्द समोर आल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ऋण लहर उठते. आधीच्या शब्दाशी जुळणारा शब्द आला की ती मंदावते. चिनी अक्षर सामाईक असलेल्या जोड्यांत ती मंदावलेली दिसली. फक्त इंग्रजी येणाऱ्यांत असे काही झाले नाही. म्हणजे इंग्रजी शब्द समजून घेतानाच त्याचा चिनी प्रतिशब्द मनात उमटला होता. पुढे २०१० मध्ये त्याच दोघांनी दाखवले की, वाचताना जागा होतो तो चिनी शब्दांचा उच्चार, त्यांचे लिखित रूप नव्हे.

यावरही आक्षेप आहे. अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वेगळा अर्थ सुचवला. इंग्रजी शिकताना चिनी शब्द मनात असतातच, त्यामुळे ‘ट्रेन’ आणि ‘हॅम’ यांच्यात त्याच वेळी एक दुवा पडला असेल. नंतर तो इंग्रजीतच राहतो आणि परिणाम दिसायला चिनी शब्द जागे होण्याची गरज उरत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

दुसरी मर्यादा अशी की, हे जागेपण दोन्ही बाजूंनी सारखे नसते. अँड्रिया वेबर आणि अॅन कटलर यांनी २००४ मध्ये डच लोकांची नजर तपासली. इंग्रजीत ‘डेस्क’ ऐकताना ती झाकणाच्या चित्राकडे जात होती, कारण झाकणाला डच भाषेत ‘डेक्सेल’ म्हणतात. पण सूचना डच भाषेत दिल्यावर इंग्रजी नावांनी नजर ढळली नाही. मातृभाषेचा जोर जास्त असतो, म्हणून ती दुसऱ्या भाषेच्या कामात सहज डोकावते. उलट दिशेने तसे घडायला दुसरी भाषा बऱ्यापैकी पक्की असावी लागते, किंवा प्रयोगातील परिस्थितीने तिला हात द्यावा लागतो.

दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतील, तर बोलण्या-वाचण्यात गोंधळ का होत नाही? टॉन डायक्स्ट्रा आणि वॉल्टर व्हान ह्यूव्हेन यांच्या २००२ च्या प्रतिमानात याचे उत्तर आहे. डोळ्यांसमोर आलेली अक्षरे दोन्ही भाषांतल्या जुळणाऱ्या शब्दांना एकदमच चेतवतात. शब्द कोणत्या भाषेचा, ही माहिती तुलनेने उशिरा हाती येते, त्यामुळे सुरुवातीलाच एक भाषा बंद करता येत नाही. मराठी आणि हिंदी दोन्ही वाचणाऱ्याला ‘शिक्षा’ हा शब्द दिसला की, या मतानुसार ‘दंड’ आणि ‘शिक्षण’ हे दोन्ही अर्थ चेतवले जातील, कारण लिपी एकच आहे आणि अक्षरेही तीच. त्यांतला एक अर्थ टिकतो तो वाक्याच्या संदर्भामुळे आणि प्रत्येक भाषेतल्या शब्दाच्या वापराच्या प्रमाणामुळे. स्पर्धा चटकन मिटली तर वाचणाऱ्याला ती जाणवतही नाही. संदर्भ अपुरा असला की वाचणारा क्षणभर अडखळतो किंवा चुकीचा अर्थ धरून पुढे जातो.