छातीला चौदा, सीटला अठरा

साडीवरचा ब्लाउज छातीखाली संपतो, म्हणून तो बेतताना सीटचं माप कुणी विचारत नाही. स्कर्टवर किंवा पँटवर सोडायचा, सीट झाकणारा साधा ब्लाउज शिवायला घेतला की मात्र पेच पडतो. तयार पॅटर्नच्या कागदावर लहान-मोठ्या साईजच्या रेषा एकात एक छापलेल्या असतात आणि आपलं शरीर त्यातल्या एकाच रेषेवर बसायला तयार नसतं.

एक उदाहरण घेऊ. छाती ३६ इंच, कंबर ३१, सीट ४२. अमेरिकी पॅटर्नच्या नेहमीच्या तक्त्यात ३६ छाती म्हणजे साईज १४, आणि त्या साईजला कंबर २८, सीट ३८ धरलेली असते. ४२ची सीट साईज १८मध्ये येते. अशा वेळी बऱ्याच जणी सीट मावावी म्हणून १८ कापतात आणि वरून बाजू चापून घेतात. हे करू नये. बाजू चापता येते, पण खांदा दंडावर उतरतो, मुंढा खोल राहतो, गळा पसरतो आणि ही दुखणी बाजूच्या शिलाईने बरी होत नाहीत. साईज छातीवरून निवडावी आणि वाढ फक्त खाली द्यावी.

ही वाढ किती? पुढच्या आणि मागच्या भागाचा कागद अर्धाच असतो, कापड घडीवर कापायचं असतं. म्हणजे अंगाच्या घेरातला चौथा हिस्सा एका बाजूच्या रेषेवर येतो. सीटला ४ इंच कमी पडतात, तर रेषा १ इंच बाहेर जाईल. ती थेट १८च्या रेषेवर पोचते. कंबरेला ३ इंच कमी, म्हणजे पाऊण इंच बाहेर. हा बिंदू १६ आणि १८च्या रेषांच्या मधोमध पडतो. मोजताना अंगाचीच मापं घ्यावीत. सैलपणा पॅटर्नमध्ये आधीच धरलेला असतो, तो पुन्हा मिळवला तर ब्लाउज झोळीसारखा होतो.

आता रेषा. मुंढा पूर्ण १४चाच ठेवायचा, म्हणजे १४ची बाही त्यात बिनबोभाट बसते. बगलेखाली इंचभर १४च्याच रेषेवर राहून मग हळूहळू बाहेर पडायचं, कंबरेच्या बिंदूतून जाऊन सीटच्या ओळीवर १८ला मिळायचं आणि तिथून खाली १८च धरायची. बगल ते सीट साधारण पंधरा-सोळा इंचांचं अंतर असतं. तेवढ्यात इंचभर सरकणं अंगावर कळतही नाही. तेच इंचभर अंतर कंबरेखाली दोन इंचांत उरकलं, तर खुब्याच्या वर चोच येते आणि ती कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. बिंदू पट्टीने जोडू नयेत. कंबरेपाशी कोपरा राहतो. वक्रपट्टीने जोडून कागद डोळ्यांच्या पातळीला धरावा आणि रेषेच्या टोकाकडून तिच्यावरून नजर टाकावी. समोरून न दिसलेला उंचवटा असा लगेच दिसतो.

बाजूला छातीचा टक्स असेल तर तो कागदावरच दुमडून, टाचणीने बंद करून मग रेषा आखावी आणि दुमडलेल्या अवस्थेतच कापावी. कागद उघडल्यावर टक्सच्या तोंडाशी छोटं टोक दिसतं, ते छाटू नये. टक्स शिवल्यावर बाजूच्या शिलाईत कापड पुरावं म्हणूनच ते तिथे असतं.

हीच रेषा पाठीच्या भागावरही आखायची. मग पुढचा भाग पाठीवर ठेवून, टक्स बंद असतानाच, दोन्ही बाजूंची लांबी जुळते का पाहायचं. तळाशी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. बाजू तिरकी झाली की खालचा कोपरा काटकोनात राहत नाही आणि शिवल्यावर दोन्ही बाजूंना दामणाची टोकं लोंबतात. तिथे बाजूकडे जाताना दामण थोडं वर उचलून कोपरा काटकोनात आणावा. पॅटर्नमध्ये माया धरलेली असेल तर वेगळी सोडायची गरज नाही, कारण एका कापणी-रेषेवरून दुसरीवर गेलं तरी माया तेवढीच राहते.

ही पद्धत बाजूच्या रुंदीपुरती आहे. खांदे लहान आणि छाती भारी असेल, तर पुढच्याच भागात कापड वाढवावं लागतं. बाजू कितीही सरकवून भागत नाही. म्हणून आधी मांजरपाटावर कच्चा धागा घालून अंगावर चढवावं. ब्लाउज वर चढून कंबरेत वळ्या जमत असतील, तर सीटला अजून कमी पडतंय. वळ्या नाहीत, पण बाजूची शिलाई खुब्यावरून मागे ओढली जात असेल, तर एकूण घेर बरोबर आहे, वाटणी चुकली आहे. इथे पुढच्या-मागच्या भागाला इंच-इंच न देता पाठीला सव्वा आणि पुढे पाऊण द्यावं. घेर तोच राहतो आणि शिलाई सरळ खाली उतरते.