पोळी आणि भाताचा हिशेब

मधुमेह झाला की पहिला प्रश्न येतो, "भात बंद का?" खरे तर बंद काहीच नसते. जेवणात एकूण किती कर्बोदके गेली, हे मोजायचे असते.

पोळीचे माप तव्यावर कळत नाही, ते परातीत कळते. 300 ग्रॅम कणीक मळा आणि पोळ्या मोजा. 10 झाल्या तर एका पोळीत 30 ग्रॅम कणीक, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके. तेवढ्याच कणकेच्या 15 फुलक्या केल्या, तर एकीत 13-14 ग्रॅम. भात मात्र शिजल्यावर तोलावा. 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदके असतात.

समजा, डॉक्टरांनी दुपारच्या जेवणासाठी 60 ग्रॅमची मर्यादा दिली आहे. दोन पोळ्यांचे 40, अर्धी वाटी वरणाचे सुमारे 10, एकूण 50. वर 100 ग्रॅम भात घेतला की बेरीज 78 वर जाते. एक पोळी कमी केली, तर तोच भात घेऊनही ती 58 राहते.

चूक होते ती मापात. घरोघरी वाटी वेगळी असते आणि दाबून भरलेला भात नजरेला कमी वाटतो. म्हणून आपली वाटी एकदा काट्यावर तोलून घ्या. जेवणाआधी आणि दोन तासांनी साखर तपासून नोंद ठेवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोळी-भात एकदम कमी करू नका; साखर धोकादायक खाली जाऊ शकते.