पत्रकातली मोकळी जागा मोजताना

पारगावसारख्या गावात नवी रोपवाटिका सुरू झाली की पहिलं पत्रक बहुतेक घरातलंच कोणीतरी संगणकावर तयार करतं. वर मधोमध देवाचं नाव, त्याखाली कमानीसारखं वळवलेलं रोपवाटिकेचं नाव, एका कोपऱ्यात 'शुभारंभ' लिहिलेली चांदणी, दुसऱ्या कोपऱ्यात टोमॅटोचा फोटो आणि सगळ्याभोवती वेलबुट्टीची चौकट. तीन फोन नंबर तीन ठिकाणी. पत्ता सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात. मजकूर सगळा बरोबर असतो, पण आठवडे बाजारात हातात पडलेला तो कागद दोन क्षणांत वाचून होत नाही. मजकूर जवळपास तोच ठेवून असं पत्रक कसं आवरायचं ते पाहू. कागद नेहमीचा, ए-फाइव्ह, म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटरचा.

पहिलं काम कागदावरच, पेन्सिलीनं करायचं. जुन्या पत्रकाची छापील प्रत घ्या आणि प्रत्येक ओळ, फोटो, चौकोन डावीकडे जिथून सुरू होतो तिथून खाली एक उभी रेघ ओढा. सगळं मधोमध ठेवलेल्या पत्रकात जितक्या ओळी तितक्या रेघा निघतात, कारण लहान-मोठी प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते. नजरेला पुढची ओळ दर वेळी नव्यानं शोधावी लागते आणि गर्दीचा भास मुख्यतः त्यातून होतो. यावर उपाय म्हणजे डावीकडे एकच कड ठरवायची, कागदाच्या काठापासून 12 मिलिमीटर आत. शीर्षक, फोटो, पिकांची यादी, फोन, पत्ता हे सगळं तिथूनच सुरू होईल. कोरलड्रॉमध्ये सगळ्या वस्तू निवडून `L` दाबलं की त्या डाव्या कडेला जुळतात. ज्या वस्तूशी बाकीच्या जुळवायच्या ती शिफ्ट दाबून सर्वांत शेवटी निवडायची. उजवी कड मात्र सरळ करण्याच्या मागे लागू नका. मराठी शब्द लांब असतात आणि ओळीच्या शेवटी ते सहसा तोडत नाहीत, त्यामुळे दोन्ही कडा सरळ केल्या की मधल्या शब्दांत भगदाडं पडतात.

आता अंतरं. जुन्या पत्रकावर पट्टी ठेवून दोन ओळींमधल्या जागा मोजल्या तर कुठे 3, कुठे 5, कुठे 7 मिलिमीटर निघतात. इतक्या जवळच्या अंतरांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण 5 आणि 7 मधला फरक मुद्दाम केलाय की चुकून झालाय हे डोळा ठरवू शकत नाही. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा हा प्रश्न इतका येत नसे. ओळींमध्ये घालायच्या शिशाच्या पट्ट्या ठरावीक पॉइंटांच्याच असत, त्यामुळे तीच ती अंतरं आपोआप परत येत. संगणकावर वस्तू माउसनं कुठेही सरकते, म्हणून माप आपणच ठरवून घ्यावं लागतं.

आपलं माप 4 मिलिमीटरचं ठेवू आणि त्यातून तीनच अंतरं वापरू: 4, 8 आणि 16. एकाच गोष्टीच्या भागांमध्ये 4, थोड्या दूरच्या नात्याला 8 आणि दोन वेगळ्या गटांमध्ये 16. प्रत्येक अंतर आधीच्या दुप्पट असल्यामुळे फरक लगेच दिसतो. जवळचं ते एकमेकांचं असं डोळा आपण होऊनच धरतो. मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं 1923 साली हाच नियम मांडला होता. कोरलड्रॉमध्ये काहीही न निवडता वरच्या पट्टीत सरकवण्याचं अंतर 4 मिलिमीटर करून ठेवा, म्हणजे बाणाची कळ एकदा दाबली की वस्तू बरोबर एक माप हलते.

पारगावच्या पत्रकाला तर जवळ-दूरचा हा नियम जास्तच लागतो. पारगाव तर्फे आळे जुन्नर तालुक्यात आणि भीमाशंकर साखर कारखान्याचं पारगाव आंबेगाव तालुक्यात. शीर्षकाखाली नुसतं 'पारगाव' आणि तालुका तळाशी कोपऱ्यात असेल, तर टेम्पो घेऊन निघालेला शेतकरी दुसऱ्याच पारगावात पोचू शकतो. गाव आणि तालुका एकाच ओळीत हवेत, आणि तेही वर.

चारही बाजूंना 12 मिलिमीटर समास सोडला की आत 124 बाय 186 मिलिमीटर उरतात. मोठ्या शीर्षकाच्या दोन ओळी, प्रत्येकी 12, मिळून 24 मिलिमीटर: पहिली 'टोमॅटो, मिरचीची तयार रोपे', दुसरी रोपवाटिकेचं नाव, गाव आणि तालुका. मग 16 मोकळे. पूर्ण रुंदीचा फोटो 44 उंच, पुन्हा 16. पिकांची यादी पाच ओळींची, टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, कोबी, झेंडू, प्रत्येक ओळ 8 प्रमाणे 40. पुन्हा 16. शेवटी फोनची मोठी ओळ 12 आणि पत्त्याच्या दोन ओळी 16. बेरीज 184. उरलेले 2 मिलिमीटर खालच्या समासात जाऊ द्या.

देवाचं नाव वर हवंच असेल तर ते जरूर ठेवावं. त्याची ओळ 8 आणि खालची जागा 4, असे 12 मिलिमीटर फोटोच्या उंचीतून काढले की फोटो 32 चा होतो. ट्रेमधल्या रोपांची रांग दाखवायला तेवढी पट्टी पुरते. ही एक ओळ मधोमध राहिली तरी चालेल. बाकी सगळं एका कडेला असताना एकच अपवाद मुद्दाम केलेला आहे हे कळतं.

देवनागरीत उभी अंतरं मोजताना एक अडचण येते. संगणक अक्षरांची चौकट रफार, वेलांट्या, मात्रा, उकार धरून काढतो. त्यामुळे 'झेंडू'ची चौकट 'कोबी'पेक्षा खाली जाते, आणि चौकटी समान अंतरावर ठेवल्या तरी ओळी वरखाली झालेल्या दिसतात. म्हणून माप एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत घ्यायचं. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकू नयेत यासाठी 8 मिलिमीटरच्या ओळीत अक्षर 15 पॉइंटच्या आसपास ठेवावं.

वेलबुट्टीची चौकट काढून टाका, असं मी ठामपणे सांगेन. छापखान्यात गठ्ठा कापताना कागद मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो. चौकट काठापासून 3 मिलिमीटरवर असेल तर एका बाजूला 1 आणि दुसऱ्या बाजूला 5 उरतात, आणि सगळं पत्रक तिरपं वाटतं. 12 मिलिमीटरच्या कोऱ्या समासात तेवढा फरक जाणवतही नाही.

मालकाचा आक्षेप बहुधा एकच असतो: कागदाचे पैसे दिलेत, मग जागा रिकामी का? तेव्हा 16 मिलिमीटरची पट्टी कुठली माहिती वेगळी करते ते बोट ठेवून दाखवावं. त्यानंतरही मजकूर मावत नसेल तर अंतरं दाबू नयेत, मजकूर कमी करावा. 'माफक दर, उत्कृष्ट दर्जा' प्रत्येक पत्रकावर असतं, ते आधी जाऊ द्या. तीनपैकी जो फोन नक्की उचलला जातो तो ठेवा.

कच्ची प्रत छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रिंटर सगळं लहान-मोठं करतो आणि 4 चे 4 राहत नाहीत. प्रत हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. शीर्षक, फोटो, यादी, फोन-पत्ता असे चार पुंजके दिसले तर काम झालं. पाच-सहा दिसत असतील तर कुठेतरी 4 च्या जागी 8 किंवा 16 पडलेले आहेत.

यात्रेच्या पत्रिकेला मात्र ही मापं जशीच्या तशी लागू होत नाहीत. तिथे देणगीदारांची आणि गाडामालकांची नावं शेकड्यांनी असतात आणि एकही गाळता येत नाही. अशा वेळी मूळ माप 2 मिलिमीटरचं घ्यावं, अंतरं 2, 4 आणि 8 ठेवावीत आणि नावं दोन-तीन उभ्या रकान्यांत लावावीत. प्रत्येक रकान्याची डावी कड एकच राहील एवढं सांभाळावं.